सकीफाची दुपार आणि त्यानंतरची शंभर वर्षं

प्रश्न: अलींना डावलून अबू बक्र खलिफा झाले आणि तिथून शिया-सुन्नी फूट पडली, एवढंच वाचलंय. पण गादीचा एक वाद चौदाशे वर्षं टिकणारे दोन पंथ कसा काय निर्माण करतो? नेमकं काय झालं होतं?

तुम्ही वाचलंय ते चूक नाही, पण त्यात मधली शंभर वर्षं गाळलेली आहेत आणि खरी गोष्ट त्या शंभर वर्षांतच आहे. इस्लामचा सुरुवातीचा इतिहास मी बरीच वर्षं शिकवतो आहे आणि दर वर्षी वर्गात हीच अडचण येते. मुलांना वाटतं, पैगंबर गेले, त्याच दिवशी लोक दोन रांगांत उभे राहिले, एक सुन्नींची आणि एक शियांची. तसं काहीही झालं नाही. त्या दिवशी 'सुन्नी' हा शब्द या अर्थाने कुणाच्या तोंडी नव्हता. 'शिया' म्हणजे नुसता 'गट', 'बाजूचे लोक'. पुढे 'अलींचे शिया' असत, तसेच 'उस्मानचे शिया'ही असत. भांडण होतं ते 'कोण' यावर. 'कशाचा अधिकार' आणि 'तो येतो कुठून' हे प्रश्न मागाहून आले, आणि पंथ घडले ते या दुसऱ्या प्रश्नांवर.

पुढे जाण्याआधी साधनांबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. आज हातात असलेले सविस्तर वृत्तांत घटनेनंतर शंभर-सव्वाशे किंवा त्याहून जास्त वर्षांनी लिहिले गेले. पैगंबरांचे सर्वांत जुने मोठे चरित्रकार इब्न इसहाक वारले ७६७ च्या सुमारास, इतिहासकार तबरी ९२३ मध्ये. म्हणजे लिहिणाऱ्यांना शेवट माहीत होता. तरीही काही तपशील दोन्ही बाजूंच्या ग्रंथांत सापडतात. त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवायला हरकत नाही, आणि मी शक्यतो तेच वापरतो.

जून ६३२, सोमवार. मदिनेत पत्नी आयशांच्या खोलीत पैगंबरांनी प्राण सोडला. मुलगा हयात नव्हता. मुलगी होती, फातिमा. जावई अली, जे पैगंबरांचे सख्खे चुलतभाऊही होते आणि त्या वेळी साधारण तिशीचे होते. बाहेर गोंधळ माजलेला. पैगंबरांचे जवळचे सोबती उमर तर पैगंबर गेले हेच मानायला तयार नव्हते. साठीच्या आसपासच्या अबू बक्रांनी येऊन कुराणातली आयत म्हटली, की मुहम्मद हे प्रेषितच आहेत, त्यांच्या आधीही प्रेषित होऊन गेले. तेव्हा उमरांचे पाय लटपटले, असं ते स्वतःच सांगत.

घरात अली आणि पैगंबरांच्या बनू हाशिम घराण्याची माणसं अंत्यविधीच्या तयारीत होती. तेवढ्यात गावात दुसरीकडे, बनू साइदा कुळाच्या सकीफात, मदिनेचे मूळ रहिवासी, म्हणजे अन्सार, जमले. सकीफा म्हणजे वर छप्पर घातलेली बैठकीची जागा. आपल्याकडच्या चावडीसारखी समजा. त्यांना त्यांच्यातला पुढारी निवडायचा होता. नाव ठरल्यात जमा होतं: खजरज टोळीचे साद बिन उबादा. ते तापाने फणफणलेले होते, घोंगडीत गुंडाळून आणून बसवलेले.

ही माणसं सत्तेला हपापलेली होती असं समजू नका. मक्केहून हाकलल्या गेलेल्यांना त्यांनी दहा वर्षं आपल्या गावात ठेवून घेतलं होतं. आता मक्केचे कुरेश, म्हणजे पैगंबरांच्या आणि अबू बक्रांच्याही टोळीचे लोक, आपल्या डोक्यावर बसतील ही त्यांना धास्ती होती. अबू बक्र, उमर आणि अबू उबैदा यांना खबर लागली तसे तिघे तिकडे निघाले. वाटेत अन्सारांपैकीच दोघं भेटले, म्हणाले, जाऊ नका, तुमचं तुम्ही ठरवा. पण ते गेले.

तिथे अबू बक्रांनी जे मांडलं त्याचा गाभा असा: तुमचे उपकार आम्ही विसरलेलो नाही, पण अरबांच्या बाकीच्या टोळ्या कुरेश सोडून दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत. हा धर्मशास्त्राचा मुद्दा नव्हता, व्यवहाराचा होता. अन्सारांमधून कुणीतरी तोड काढली, 'एक अमीर आमचा, एक तुमचा.' आवाज चढले. खजरज आणि औस या मदिनेच्या दोन टोळ्यांचं जुनं वैर होतंच, त्यामुळे खजरजांचा माणूस वर बसणं औसांनाही फारसं रुचणारं नव्हतं. या गलक्यात उमरांनी अबू बक्रांना हात पुढे करायला सांगितलं आणि त्यावर हात ठेवून बैअत केली, म्हणजे निष्ठेची शपथ घेतली. मागोमाग बाकीचे. त्या रेटारेटीत आजारी साद तुडवलेच जायचे. कुणीतरी ओरडलं, 'सादला मारलंत!' आणि उमर उत्तरले, 'अल्लानेच त्याला मारलं.' साद त्या दिवशी वाचले, पण त्यांनी अबू बक्रांना बैअत कधीच दिली नाही.

हा वृत्तांत आपल्याला कुणाकडून मिळतो? खुद्द उमरांकडून. बारा वर्षांनी, खलिफा असताना, त्यांच्या कानावर आलं की लोक म्हणताहेत, उमर गेले की आम्हीही असंच झटपट कुणाला तरी नेमू, अबू बक्रांचंही अचानकच झालं होतं. त्यावर शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे प्रवचनात, ते म्हणाले, हो, ती 'फल्ता' होती, म्हणजे आगापिछा न पाहता झालेली गोष्ट, पण तिच्या वाईट परिणामांतून अल्लाने वाचवलं. यापुढे सल्लामसलत केल्याशिवाय कुणी तसं केलं तर ते चालणार नाही. हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदी; सुन्नींच्या सर्वांत विश्वसनीय मानलेल्या हदीस संग्रहात, बुखारींच्या संग्रहात, हे आहे. शिया अभ्यासक हेच वाक्य पुढे करतात. एकच साक्ष दोन्ही पक्ष वापरतात, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

अली त्या बैठकीत नव्हते. त्यांना बोलावलंही नव्हतं. मृतदेहाजवळ ते होते.

आता शियांचा मुख्य दावा. ते म्हणतात, सकीफात काय झालं याने मुळात फरकच पडत नाही, कारण निवड आधीच झाली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये अखेरची हज करून परतताना, मक्का-मदिनेच्या वाटेवर गदीर खुम्म नावाच्या पाणथळ जागी पैगंबरांनी काफिला थांबवला, अलींचा हात धरला आणि म्हणाले, 'मी ज्याचा मौला, अलीही त्याचा मौला.' हे वाक्य सुन्नी संग्रहांतही आहे. भांडण वाक्यावर नाही, 'मौला' या शब्दावर आहे. अरबीत त्याचे अर्थ धनी, पाठीराखा, जिवलग, आश्रित, मुक्त केलेला गुलाम असे भलतेच पसरट आहेत. शिया म्हणतात, भर उन्हात एवढी माणसं थांबवून 'हा तुमचा मित्र आहे' एवढंच कोण सांगेल? सुन्नी म्हणतात, अलींच्या हाताखाली येमेनच्या मोहिमेवर गेलेल्या काही लोकांनी त्यांच्याविरुद्ध तक्रारी केल्या होत्या, त्या मिटवण्यासाठी हे सांगितलं. वारस नेमायचा असता तर स्पष्ट शब्द वापरले असते. शिवाय शेवटच्या आजारात नमाज पढवायला अबू बक्रांनाच पुढे केलं होतं, याकडे ते बोट दाखवतात.

मला मात्र बुखारींच्याच संग्रहातली एक छोटी गोष्ट जास्त बोलकी वाटते. पैगंबरांचा आजार बळावला तेव्हा काका अब्बास अलींना म्हणाले, चल, विचारून घेऊ, हा अधिकार कुणाकडे जाणार. आपल्याकडे असेल तर कळेल, नसेल तर आपल्याबद्दल सांगून तरी ठेवतील. अलींनी नकार दिला. म्हणाले, आपण विचारलं आणि त्यांनी नाही म्हटलं, तर लोक आपल्याला ते कधीच देणार नाहीत. गदीरला सगळं स्पष्ट झालं होतं असं मानणाऱ्या शियांना ही गोष्ट मान्य होण्यासारखी नाही. पण ती खरी धरली, तर घरातल्या माणसांनाही उत्तर पक्कं ठाऊक नव्हतं आणि विचारायची भीती वाटत होती, असं दिसतं.

पुढे फदकचा प्रश्न आला. फदक ही खैबरजवळची खजुरीच्या बागांची जमीन. फातिमांनी ती मागितली. अबू बक्रांनी पैगंबरांचं वचन सांगितलं, की आम्हा प्रेषितांचा वारसा चालत नाही, आम्ही ठेवतो ते दान. फातिमांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. सहा महिन्यांनी त्या गेल्या तेव्हा अलींनी अबू बक्रांना न कळवता रात्रीच दफन उरकलं, आणि त्यानंतर बैअत दिली. हेही सुन्नी संग्रहातलंच. शियांच्या स्मरणात या काळात फातिमांच्या दारावर झालेली जबरदस्तीही आहे. सुन्नी ती तशी मानत नाहीत. जमिनीचा तुकडा लहान, पण मुद्दा मोठा होता: पैगंबरांच्या घराण्याकडे वारशाने काही येतं की नाही? बाग येत नसेल, तर अधिकार कसा येणार?

इथपर्यंत हा वाद नात्यागोत्यांचा आणि माणसांचाच होता. अली त्याच मशिदीत नमाज पढत होते, उमरांना सल्ला देत होते. फुटीचा पहिला तात्त्विक धागा माझ्या मते ६४४ मध्ये दिसतो, आणि तो सकीफाइतका प्रसिद्ध नाही.

अबू बक्रांनी जाताना उमरांना सरळ नेमलं होतं. उमरांवर मदिनेच्या मशिदीत खंजिराचे वार झाले तेव्हा त्यांनी मरताना सहा जणांची समिती नेमली: अली, उस्मान, तल्हा, जुबैर, साद बिन अबी वक्कास आणि अब्दुर्रहमान बिन औफ. म्हणजे तीन वारसदार, तीन वेगळ्या पद्धती. नियम म्हणून काही ठरलेलाच नव्हता. शेवटी अली आणि उस्मान असे दोघे उरले आणि निवड अब्दुर्रहमानांच्या हाती आली. ते उस्मानांचे सोयरे होते, हेही लक्षात ठेवा. त्यांनी मशिदीत दोघांना एकच प्रश्न विचारला: अल्लाचा ग्रंथ, पैगंबरांची सुन्ना म्हणजे त्यांनी घालून दिलेली रीत, आणि आधीच्या दोघा खलिफांचा पायंडा, या तिन्हींप्रमाणे चालशील? अलींनी तसा बांधील शब्द दिला नाही. माझ्या ज्ञानाप्रमाणे आणि ताकदीप्रमाणे, असं काहीसं म्हणाले. उस्मान लगेच हो म्हणाले. खलिफा झाले उस्मान.

ती तिसरी अट पुन्हा वाचा. अबू बक्र आणि उमर यांचं वागणं हे कुराण आणि सुन्ना यांच्या पंगतीला येऊन बसलं. पैगंबरांनंतर धर्माचा अर्थ कुणाकडून घ्यायचा? सोबत्यांच्या जमातीकडून आणि तिने पाडलेल्या वहिवाटीतून, की पैगंबरांच्या घरात वाढलेल्या एका माणसाच्या ज्ञानातून? पुढे दोन पंथांचं कायदेशास्त्र या दोन उत्तरांवर उभं राहिलं.

उस्मानांची कारकीर्द आणि त्यानंतरचं यादवी युद्ध यावर मोठे ग्रंथ आहेत, म्हणून मी थोडक्यात आवरतो. आपल्या उमय्या कुळातल्यांना सुभेदाऱ्या दिल्याच्या रागातून इजिप्त आणि इराकच्या बंडखोरांनी ६५६ मध्ये त्यांना घरात शिरून मारलं. लोकांनी अलींना खलिफा केलं, पण खून झालेल्या खलिफाचा सूड बाकी होता. बसऱ्याजवळ अलींशी लढायला आयशा, तल्हा आणि जुबैर उभे राहिले. सीरियाचा सुभेदार मुआविया, उस्मानांचाच उमय्या भाऊबंद, याने बैअतच नाकारली. ६५७ मध्ये युफ्रेटिसकाठी सिफ्फीनला सैन्यं भिडली, सीरियनांनी भाल्यांना कुराणाची पानं बांधली, आणि लवाद नेमायचं ठरलं. लवाद मुळातच मान्य नसलेले अलींचे काही लोक फुटून निघाले. ते खारिजी. त्यांच्यातल्याच एकाने ६६१ मध्ये इराकमधल्या कूफा शहराच्या मशिदीत अलींवर तलवार चालवली. अलींचा खून शत्रुपक्षाने नाही, फुटून गेलेल्या स्वपक्षीयाने केला, हे परीक्षेत निम्मी मुलं चुकतात. अलींचे थोरले पुत्र हसन यांनी मुआवियाशी तह करून सत्ता सोडली.

तरीही या घटकेला दोन पंथ नव्हते. इराक विरुद्ध सीरिया असे दोन राजकीय पक्ष होते. मुआवियाने मुलाला, यजीदला, वारस नेमलं आणि ६८० मध्ये तो वारला, तिथून चित्र बदललं.

अलींचे धाकटे पुत्र हुसेन यांनी यजीदला बैअत नाकारली. कूफ्याच्या लोकांनी पत्रांवर पत्रं धाडली, या, आम्ही तुमचे आहोत. हुसेननी चुलतभाऊ मुस्लिम बिन अकील याला पुढे पाठवलं. हजारो लोकांनी त्याच्या हातावर शपथा घेतल्या. मग नवा सुभेदार उबैदुल्ला बिन जियाद शहरात आला, प्रमुखांना धाक दाखवला, आमिषं दाखवली, आणि गर्दी एका संध्याकाळीत विरघळली. मुस्लिम एकटा उरला, पकडला आणि मारला गेला. हुसेन तोवर वाटेला लागले होते. कर्बलाच्या माळावर त्यांना अडवलं, नदीचं पाणी तोडलं. १० मोहरम ६१, म्हणजे १० ऑक्टोबर ६८०. परंपरेप्रमाणे बहात्तर माणसं, समोर हजारोंची फौज. फौजेचा सरदार उमर बिन साद. म्हणजे समितीतल्या सहापैकी साद बिन अबी वक्कासांचा मुलगा, आणि समोर त्याच समितीतल्या अलींचा मुलगा.

आपल्याकडचे ताबूत आणि पंजे याच प्रसंगाचे. पण त्यावरून कुणाचा पंथ ठरवायला जाऊ नका. महाराष्ट्रात ताबूत बसवणाऱ्यांत सुन्नी भरपूर आहेत आणि गावोगावी हिंदूही. हुसेनबद्दलचं दुःख ही शियांची मक्तेदारी कधीच नव्हती.

मग शियांचं वेगळेपण कुठे? ते कूफ्याच्या अपराधी मनात आहे. ज्यांनी पत्रं लिहिली आणि मग दारं लावून घेतली, त्यांतले काही हजार लोक चार वर्षांनी सुलेमान बिन सुरद या म्हाताऱ्या सोबत्याच्या नेतृत्वाखाली एकत्र आले. स्वतःला त्यांनी नाव घेतलं तव्वाबून, म्हणजे पश्चात्तापी. ते आधी हुसेनच्या कबरीपाशी गेले, तिथे ओक्साबोक्शी रडले, मग उमय्या सैन्यावर चालून गेले आणि बहुतेक मारले गेले. गादी मिळवण्याची फारशी आशा त्यांना नव्हती; प्रायश्चित्त हवं होतं. एक राजकीय बाजू इथे शोकाचा आणि पापक्षालनाचा संप्रदाय होऊ लागते.

आता मूळ प्रश्नाच्या उत्तराचा शेवटचा दुवा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. साल ७४०, गाव पुन्हा कूफा. हुसेनचे नातू जैद बिन अली उमय्यांविरुद्ध उठले. लोकांनी शपथा घेतल्या. ऐन वेळी काही जणांनी त्यांना विचारलं: अबू बक्र आणि उमर यांच्याबद्दल तुमचं मत काय? जैद म्हणाले, माझ्या घरात मी त्यांच्याबद्दल चांगलंच ऐकलंय; खिलाफतीवर आमचा हक्क जास्त होता, पण म्हणून ते काफिर ठरत नाहीत. एवढ्यावर ती मंडळी त्यांना सोडून गेली. त्यांना 'राफिजा', सोडून जाणारे, हे नाव तिथे पडलं असं वृत्तांत सांगतात. जैद लढाईत मारले गेले.

हिशेब करा. अबू बक्रांना जाऊन शतक उलटलेलं. समोर उमय्यांचं सैन्य उभं. आणि बंडात राहायचं की नाही हे ठरतंय सकीफाच्या दुपारवर. ६३२ चा वाद आता घडून गेलेली गोष्ट उरलेला नव्हता, श्रद्धेची कसोटी झाला होता.

निघून गेलेले वळले ते जैदच्या पुतण्याकडे, मदिनेतल्या जाफर अस-सादिक यांच्याकडे. जाफर (मृत्यू ७६५) बंडाच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांच्या आणि त्यांचे वडील मुहम्मद अल-बाकिर यांच्या काळात इमामतीचा सिद्धांत आकाराला आला: इमाम लोकांनी निवडायचा नसतो, आधीच्या इमामाच्या स्पष्ट नेमणुकीने, 'नस्स'ने, तो ठरतो, त्याच्याकडे विशेष ज्ञान असतं, आणि तो गादीवर असो वा नसो, इमामच असतो. या शेवटच्या कलमामुळे हरणारा पक्षही जिवंत राहिला. राज्य गमावून इमामत जात नाही म्हटल्यावर पराभवाने काही सिद्ध होत नाही.

दुसऱ्या बाजूचीही घडण सावकाशच झाली, हे सहसा सांगितलं जात नाही. उमय्यांच्या काळात मशिदींच्या मिंबरांवरून अलींना शिव्याशाप दिले जात. खलिफा उमर बिन अब्दुल अजीज यांनी ७१७ नंतर ते बंद केलं. अलींना चौथा सन्मार्गी खलिफा मानावं की नाही यावर हदीसवाल्यांतही बराच काळ एकमत नव्हतं. नवव्या शतकात अहमद बिन हंबल (मृत्यू ८५५) यांच्यासारख्यांनी ते ठामपणे लावून धरलं. अबू बक्र, उमर, उस्मान, अली हा क्रम, सगळ्या सोबत्यांबद्दल आदर आणि त्यांच्या आपसातल्या लढायांबद्दल मौन, ही आज ज्याला सुन्नी म्हणतो ती भूमिका तेव्हा पक्की झाली. तेव्हा 'सुन्नी म्हणजे अलींचे विरोधक' हे समीकरण डोक्यातून काढून टाका.

जाफर यांच्यानंतर शियांतही वारसावरून फूट पडली. बारा इमाम मानणारे एकीकडे, थोरले पुत्र इस्माईल यांची शाखा धरणारे दुसरीकडे. आपले बोहरा आणि आगाखानी खोजा हे या दुसऱ्या शाखेचे. त्यामुळेच नोव्हेंबर १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक विलक्षण प्रकार घडला. खोजा जमातीच्या मालमत्तेचा दावा होता. वादी म्हणत होते, आम्ही मूळचे सुन्नी, आगाखानांचा आमच्यावर हक्क नाही. जमातखाना कुणाचा हे ठरवण्यासाठी न्यायमूर्ती जोसेफ अर्नोल्ड यांना आधी शिया म्हणजे कोण आणि सुन्नी म्हणजे कोण ते ठरवावं लागलं. म्हणून मुंबईतल्या एका मिळकतीच्या निकालपत्रात पैगंबरांचा मृत्यू आला, अलींचा हक्क आला, आणि मग निकाल आला: खोजा हे शिया इस्माइली आहेत, आगाखान त्यांचे इमाम.